फोन रीस्टार्ट झाला की मोबाईल डेटा बंदच राहतो? आधी सिमचा पिन भरलाय का ते बघा

हा प्रॉब्लेम आमच्या घरात लागोपाठ तीन सोमवार झाला आणि तिसऱ्या सोमवारी कुठे त्याचं मूळ सापडलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कारण यावर शोधलं की सगळीकडे तेच सांगतात, एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटची सेटिंग बघा, नेटवर्क सेटिंग रीसेट करा, डेटा ऑफ करून ऑन करा. यातलं काहीच लागू पडत नाही जर सिमच लॉक असेल तर.

आमची आत्या संगमेश्वरच्या बाजूला एका गावात अंगणवाडी सेविका आहे. घरी फायबरचं वायफाय आहे, अंगणवाडीत नाही, तिथे मोबाईलच्या डेटावरच हजेरी आणि बाकीची माहिती भरायची असते. एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला की अरे नेट चालत नाहीये, डेटा चालू दाखवतोय, रिचार्ज आत्ता परवाच केलाय, घरी सगळं नीट होतं आणि इथे आल्यावर काहीच उघडत नाही. मी पण तेच केलं जे सगळे करतात, म्हटलं डेटा बंद करून चालू कर, मग एअरप्लेन मोड लावून काढ. काही फरक नाही. दुपारी ती नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेली, त्याने सिम काढून परत घातलं, तेव्हा फोनने कसला तरी कोड मागितला, आत्याला वाटलं पेमेंटचा कोड मागतोय म्हणून तिने यूपीआयचा पिन टाकला, तो चुकीचा निघाला आणि दुकानदार म्हणाला सिम खराब झालंय, नवीन घ्या.

इथे मी जागा झालो, कारण सिम खराब झालं तर ते कोड मागत नाही. कोड मागतंय म्हणजे सिम ठणठणीत आहे आणि त्याला कुलूप लावलेलं आहे.

आता हे कुलूप नेमकं काय ते नीट समजून घेऊया, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोनच्या स्क्रीनचा लॉक फोनमध्ये असतो, पण सिमचा पिन हा सिमच्या चिपमध्येच साठवलेला असतो. सिमला करंट मिळाला, म्हणजे फोन बंद होऊन चालू झाला किंवा सिम काढून घातलं, की ते चालू करून ठेवलेल्या पिनची वाट बघत बसतं. जोपर्यंत पिन मिळत नाही तोपर्यंत सिम आपला ओळख क्रमांक फोनला वाचूच देत नाही, आणि तो क्रमांक नसेल तर टॉवरला हा ग्राहक कोण आहे हेच कळत नाही. म्हणजे नेटवर्कवर नोंदणीच होत नाही, त्या सिमवरून कॉल नाही, एसएमएस नाही, डेटा नाही, फक्त ११२ सारखा इमर्जन्सी कॉल. डेटाचं बटण तुम्ही हजारदा चालू करा, ते बटण चालूच दिसेल, कारण ते फोनची सेटिंग आहे, सिमची नाही. म्हणून एपीएन, रीसेट, रिचार्ज यातलं काहीही इथे उपयोगी पडत नाही, आणि नेटवर्क रीसेट केलं तर उलट घरातल्या वायफायचे पासवर्ड उडतात आणि अजून एक काम वाढतं.

मग प्रश्न असा की आत्याला हे लगेच का कळलं नाही. दोन कारणं होती आणि दोन्ही बऱ्याच जणांच्या घरात असतील.

पहिलं, वायफाय. सकाळी उठल्यावर फोन घरच्या वायफायवर असतो, व्हॉट्सॅप चालतं, व्हॉट्सॅपवर कॉल येतात, यूट्यूब चालतं, म्हणजे माणसाला वाटतं फोन व्यवस्थित आहे. सिम झोपलेलं आहे हे घराबाहेर पडून वायफाय सुटेपर्यंत समजतच नाही. म्हणून तक्रार अशी येते की घरी चालतं आणि बाहेर चालत नाही, आणि मग सगळे गावातल्या टॉवरला दोष देतात.

दुसरं, डबल सिम. आत्याच्या फोनमध्ये दोन सिम आहेत, डेटा पहिल्या सिमवर आणि दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं, नुसतं कॉलसाठी. लॉक फक्त पहिल्याला होता. त्यामुळे वर रेंजच्या कांड्या दिसत होत्या, मला कॉल पण लागला, पण तो सगळा दुसऱ्या सिमचा होता. मी तिला विचारलं कॉल लागतोय ना, ती म्हणाली हो लागतोय की, आणि मी सिम लॉकचा विचारच सोडून दिला. इथेच माझा अख्खा एक सोमवार वाया गेला. विचारायला हवं होतं की ज्या सिमवर डेटा आहे त्याच सिमवरून कॉल लागतोय का.

ओळखायची पद्धत तीच आहे. कॉल करताना मुद्दाम डेटावालं सिम निवडा आणि कोणालातरी फोन लावा. कॉल लागला पण नेट नाही, तर सिम लॉक नाहीये, मग एपीएन बघा, रिचार्जची मुदत बघा, डेटाचा रोजचा कोटा संपलाय का बघा. कॉलच लागत नाही, आणि त्या सिमच्या जागी रेंजच्या कांड्या नाहीत, किंवा सिमच्या चित्रावर कुलूप किंवा फुली आहे, किंवा "Emergency calls only" असं लिहून आलंय, तर सिम लॉकचा संशय घ्या. उलट बाजूने पण बघता येतं, दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला रिंग द्या, फोन समोर चालू दिसत असूनही स्विच ऑफ किंवा कव्हरेजच्या बाहेर असं ऐकू आलं की संशय अजून पक्का.

आता दुसरा सोमवार. परत तीच रड. यावेळी मी तिला म्हटलं आत्या, फोन बंद करून चालू कर आणि पहिली जी स्क्रीन येईल ती मला वाचून दाखव, काही दाबू नकोस. तिने वाचलं, "Enter SIM PIN". तिच्या भाषेत सांगायचं तर नंबरांचा चौकोन आला आणि वर सिमचं छोटं चित्र. ही स्क्रीन तिच्या नेहमीच्या पॅटर्नच्या आधी येते. आणि तिच्या फोनवर या स्क्रीनवर मागे जायचं बटण दाबलं की ती निघून जाते आणि पॅटर्नची स्क्रीन येते, म्हणजे पिन न भरताच फोन वापरता येतो. ती तेच करत होती. तिला वाटायचं हे काहीतरी उगाच आलंय, जाहिरात वगैरे, कारण नंबरांचा लॉक तिने कधी लावलाच नव्हता, तिचा तर पॅटर्न आहे.

लावला होता तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या आतेभावाने. एसटी स्टँडवर तिच्या एका मैत्रिणीचा फोन चोरीला गेला, चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं असतं तर बँकेचे ओटीपी त्याच्या हातात गेले असते, म्हणून याने पुण्याहून गणपतीला आल्यावर आईच्या फोनला सिम लॉक लावून दिला. विचार चांगला होता, मला अजूनही बरोबर वाटतो. पण कोड तिला एकदा तोंडी सांगितला आणि परत गेला.

त्याला फोन केला, कोड विचारला, आणि टाकायच्या आधी मी आत्याला एक गोष्ट बघायला लावली जी सगळ्यांनी बघावी, किती प्रयत्न उरलेत. सिमचा पिन ४ ते ८ आकडी असतो आणि तो टाकायला लागोपाठ ३ संधी असतात. दुकानात यूपीआयचा पिन टाकून एक गेली होती, उरल्या २. लोकांना वाटतं फोन रीस्टार्ट केला की मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की होते, तसं होत नाही, मोजणी सिमच्या आत असते आणि आठवड्याने पण ती तशीच राहते. फक्त बरोबर पिन पडला की परत ३ होतात. तिने बरोबर कोड टाकला, मिनिटभरात कांड्या आल्या आणि डेटा सुरू झाला.

आपल्याकडे एका माणसाच्या डोक्यात किती पिन असतात बघा, स्क्रीनचा, यूपीआयचा, एटीएमचा, आणि त्यात हा सिमचा. स्क्रीनवर नुसतं पिन टाका असं आलं की हात नेहमीच्या पिनकडे जातो. म्हणून नियम एकच ठेवा, वर सिमचं चित्र किंवा कंपनीचं नाव दिसतंय का ते बघायचं, दिसलं तर तो सिमचा पिन, आणि माहीत नसेल तर अंदाजाने एकही आकडा टाकायचा नाही. बऱ्याच साईटवर सांगतात की कंपनीचा ठरलेला पिन १२३४ किंवा ०००० असतो, टाकून बघा. नका टाकू, तुमच्या सिमला तो लागू असेलच असं नाही आणि तुमच्याकडे संधी तीनच आहेत.

तीनही गेल्या तर सिम पीयूके मागतं. हा ८ आकडी कोड प्रत्येक सिमचा वेगळा असतो आणि तो कंपनीकडे असतो, बऱ्याचदा सिम ज्या प्लास्टिकच्या मोठ्या कार्डातून तोडून घेतलेलं असतं त्याच्यावर पण छापलेला असतो, म्हणून ते कार्ड फेकू नका. नाहीतर कस्टमर केअरला दुसऱ्या नंबरवरून फोन करायचा, ते नाव पत्ता वगैरे विचारून खात्री करतात आणि कोड सांगतात. पीयूके टाकला की फोन नवीन पिन ठरवायला सांगतो, तो तिथल्या तिथे लिहून ठेवा. काही फोनवर ही स्क्रीन नीट येत नाही, तेव्हा इमर्जन्सी कॉलच्या डायलरवरून हे टाईप करता येतं, शब्दांच्या जागी आपले आकडे टाकायचे:

```
**05*PUK*NEWPIN*NEWPIN#
```

पीयूकेला १० संधी असतात. त्या पण संपल्या तर सिम कायमचं बंद, कोणीही उघडू शकत नाही, त्याच नंबरचं नवीन सिम काढावं लागतं. आणि नवीन सिम घेतलं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियमच आहे, म्हणजे दिवसभर बँकेचा ओटीपी पण येणार नाही. त्यामुळे आठ-नऊ वेळा अंदाजे पीयूके टाकून बघणं म्हणजे स्वतःच्या हाताने तो दिवस ओढवून घेणं आहे, दोनदा चुकला की थांबा आणि कंपनीकडून परत खात्री करून घ्या.

एवढं झाल्यावर मला वाटलं संपलं. तिसऱ्या सोमवारी परत फोन, अरे आज पण नेट नाही.

आता मात्र मी वेगळा प्रश्न विचारला, की पिन मागतोय ते ठीक, पण फोन रीस्टार्ट होतोय कशामुळे? कारण सिम मधेच उगाच पिन मागत नाही, फोन बंद होऊन चालू झाल्याशिवाय किंवा सिमचा संपर्क तुटल्याशिवाय हे होत नाही, आणि आत्या तर म्हणत होती मी फोन बंद केलाच नाही. मग तिला विचारलं सकाळी फोन उघडताना अंगठा चालला का. ती म्हणाली, नाही, आज पॅटर्न मागितला, आणि गेल्या सोमवारी पण मागितला होता. हा चांगला धागा होता. अँड्रॉईड फोन चालू झाल्यावर पहिल्यांदा अंगठा घेत नाही, पॅटर्न किंवा पिनच मागतो. म्हणजे रात्रीतून फोन बंद होऊन चालू झाला असावा.

याची खात्री करायची तर सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यात स्टेटस, तिथे "Up time" असं असतं, फोन शेवटचा चालू झाल्यापासून किती वेळ झाला ते. तिला ९:४० ला बघायला लावलं तर ४ तास १० मिनिटं. वजाबाकी करा, साडेपाच. बरोब्बर साडेपाचला फोन चालू झाला होता. बॅटरी संपून बंद पडलेला फोन असा ठरलेल्या मिनिटाला स्वतःहून चालू होत नाही, रात्रीचं अपडेट पण दर सोमवारी येत नाही. मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये शोधायला लावलं, आणि तिथे मिळालं, ठरलेल्या वेळी फोन बंद आणि चालू करायची सेटिंग, रविवारी रात्री ११ ला बंद, सोमवारी पहाटे ५:३० ला चालू. कोणीतरी तिला सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा फोन बंद ठेवला की तो हँग होत नाही, म्हणून भाचीने लावून दिलं होतं, उन्हाळ्यात. सिम लॉक आला गणपतीत. मग सोमवारचा त्रास तेव्हापासून का नाही दिसला? तर आत्या तोपर्यंत सुट्टीवर होती, घरी वायफायवर होती, आणि आधी म्हटलं तसं वायफायवर हे दिसतच नाही. दोन वेगळ्या माणसांनी प्रेमाने लावलेल्या दोन सेटिंग, वेगवेगळ्या दोन्ही बरोबर, एकत्र आल्या की दर सोमवारी डेटा गायब.

तुमच्याकडे दिवस ठरलेला नसेल तर रीस्टार्टचं कारण वेगळं असू शकतं, रात्री आपोआप होणारं सिस्टीम अपडेट, बॅटरी शून्य होऊन फोन बंद पडणं आणि मग चार्जरला लावून चालू करणं, किंवा खिशात सिमचा ट्रे सैल होऊन सिमचा संपर्क तुटणं. शेवटच्यात फोन रीस्टार्ट न होताच पिन मागतो आणि अप टाइम मोठा दिसतो, त्यावरून ओळखता येतं.

आत्याने ती सेटिंग बंद केली. मग पिनची स्क्रीन परत आणायची होती, कारण सकाळी तिने ती मागे घालवली होती. एअरप्लेन मोड लावून काढला की काही फोनवर येते, तिच्यावर आली नाही, म्हणून १० वाजता फोन रीस्टार्ट केला आणि कोड टाकला. आयफोनवर असं झालं तर सेटिंगमध्ये मोबाईल सर्व्हिसमध्ये गेलात की तिथेच सिम अनलॉक करता येतं.

मग चर्चा झाली की लॉक काढायचाच का. काढायला सोपं आहे, सेटिंगमध्ये सिक्युरिटीत सिम लॉक शोधा, आयफोनवर मोबाईल सर्व्हिसमध्ये "SIM PIN", ते बंद करताना एकदा चालू पिन मागतात, आणि लक्षात ठेवा, तिथे चुकलेला पिन पण त्या तीनमध्येच मोजला जातो. डबल सिम असेल तर वर कोणतं सिम निवडलंय ते बघून टाका, प्रत्येकाचा पिन वेगळा.

माझं मत, ज्या सिमवर बँकेचे ओटीपी येतात त्याचा लॉक काढू नका. चोराने फोन बंद केला किंवा सिम काढलं तर तो लॉक खरंच आडवा येतो. हां, फोन चालू अवस्थेतच चोरीला गेला तर सिम उघडंच असतं आणि मग सगळा भार स्क्रीनच्या लॉकवर असतो, आणि कोणी तुमच्या नावावर खोटी कागदपत्रं देऊन नवीन सिम काढलं तर त्यावर याचा काहीच उपाय नाही, पण स्टँडवरच्या चोरीसाठी हा चांगला आहे. आत्याचा आम्ही ठेवला, फक्त कोड बदलला, तिला आठवेल असा, जन्मसाल नाही आणि यूपीआयचा तर अजिबात नाही. बदलायला त्याच पानावर पर्याय असतो, किंवा डायलरवरून:

```
**04*OLDPIN*NEWPIN*NEWPIN#
```

घरातल्या वहीत तिने तो लिहून ठेवला आणि आतेभावाला पण कळवला. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका, फोनसोबत ती पण जाईल.

याउलट जे सिम फोर जी राऊटरमध्ये किंवा शेतावरच्या कॅमेऱ्यात घालायचं आहे त्याचा लॉक आधी फोनमध्ये घालून काढूनच टाका. तिथे लाईट गेली आणि आली की राऊटर स्वतः चालू होतो आणि पिन टाकायला समोर कोणी नसतं. काही राऊटर पिन लक्षात ठेवतात, पण तुमच्या राऊटरमध्ये चुकीचा पिन साठवलेला असेल तर तो प्रत्येक वेळी तोच टाकत राहील आणि तीन वेळा लाईट गेली की सिम पीयूकेवर जाऊन बसेल.

चौथ्या सोमवारी मी मुद्दाम साडेनऊला आत्याला फोन केला, म्हटलं अप टाइम वाच. तिने वाचलं, १६७ तास ३० मिनिटं, आणि म्हणाली आज अंगठ्यानेच उघडला रे, आणि आता ठेव, मुलं आलीत, हजेरी भरायचीय.